परदेशी टीममध्ये काम हवंय? आधी घड्याळाचा हिशेब मांडा

परदेशी टीमसोबत घरून काम करायला लागून मला बरीच वर्षं झाली. आता आमच्याकडे नवीन माणूस घ्यायचा असला की आलेले अर्ज वाचायचं काम माझ्याकडेही येतं. भारतातून आलेल्या अर्जांत एक वाक्य हमखास सापडतं: 'कोणत्याही टाइमझोनमध्ये काम करायची तयारी आहे.' लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आमच्या सकाळी ९ वाजता हा माणूस कामावर असेल का, किती वेळ असेल, आणि आम्ही झोपलेलो असताना याचं काम अडून तर बसणार नाही ना, एवढंच त्याला पाहायचं असतं. अर्जात याचं उत्तर असलं, तर तो अर्ज वेगळा उठून दिसतो.

गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीचा अर्ज तयार करायला आम्ही दोघं बसलो होतो, तेच उदाहरण घेतो. ती नाशिकला राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा चांगला अनुभव आहे, घरी शाळेत जाणारा मुलगा आहे. जाहिरात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कंपनीची होती आणि अट होती, 'न्यूयॉर्कच्या वेळेशी रोज किमान ४ तासांचा ओव्हरलॅप.' (जाहिरातीत नुसतं 'रिमोट' आहे की 'रिमोट, फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी' आहे, हे सगळ्यात आधी बघा. दुसऱ्या प्रकारात कर आणि कायद्याची कारणं असतात, तिथे कितीही चांगला अर्ज केला तरी उपयोग होत नाही.)

तिचं पहिलं म्हणणं होतं, "दादा, रात्री ११ पर्यंत मी आरामात बसू शकते. म्हणजे ४ तास झालेच की." उन्हाळ्यापुरतं ते बरोबर होतं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे त्यांचे सकाळचे ९ हे आपले संध्याकाळचे ६:३०. तिथून रात्री ११ पर्यंत साडेचार तास मिळतात. पण अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आपली जागची हलत नाहीत. मग फरक साडेदहा तासांचा होतो आणि त्यांचा दिवस आपल्याकडे ७:३० ला सुरू होतो. ११ पर्यंत उरतात साडेतीनच तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, म्हणजे वर्षातले चार महिने, ती अटीत बसत नव्हती.

यावर उपाय सोपा निघाला. आपली वेळ भारतीय घड्याळाला न बांधता त्यांच्या घड्याळाला बांधायची. तिने ठरवलं, न्यूयॉर्कच्या सकाळी ९ ते दुपारी १ आपण रोज हजर, बाराही महिने. आपल्याकडे त्याचा अर्थ, कामाचा पूर्ण दिवस उन्हाळ्यात दुपारी १:३० ते रात्री १०:३० आणि हिवाळ्यात २:३० ते ११:३०, मध्ये तासभर जेवणाची सुट्टी. घरात आधी बोलून घेतलं, की हिवाळ्यात एक तास उशीर होईल आणि सकाळी मुलाला शाळेत सोडायचं काम त्या महिन्यांत नवरा करेल. हे बोलणं अर्ज पाठवण्याआधी व्हायला हवं, ऑफर आल्यावर नाही. रात्रीचा एक तास कागदावर फार छोटा दिसतो.

मग रेझ्युमेत नावाखाली, पत्त्याच्या ओळीत, तिने शहराच्या नावापुढे `UTC+5:30` लिहिलं आणि त्याच ओळीत 'न्यूयॉर्क वेळ सकाळी ९ ते दुपारी १ रोज उपलब्ध, वर्षभर' असं टाकलं. बस, एक ओळ. `IST` मुद्दामच लिहिलं नाही, कारण इस्रायल आणि आयर्लंडमध्येही तीच अक्षरं वापरतात. तसंच अमेरिकेच्या बाबतीत `EST` हे फक्त हिवाळ्यातल्या वेळेचं नाव आहे. जुलैमधल्या मुलाखतीसाठी ते लिहिलं तर काटेकोर माणूस एक तासाने गोंधळतो. नुसतं `ET` लिहिलं की दोन्ही ऋतूंत चालतं.

तुमचा हिशेब तपासायचा असेल तर लिनक्सवर ही एक ओळ पुरते:

```
TZ=Asia/Kolkata date -d 'TZ="America/New_York" 2026-11-02 09:00' +%H:%M
```

उत्तरात १९:३० दिसेल. तारीख जुलैची करून बघा, १८:३० येईल.

सगळ्या देशांचं गणित इतकं जमत नाही, हेही स्पष्ट सांगतो. लंडनचे ९ ते ५ आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी १:३० ते रात्री ९:३० आणि हिवाळ्यात २:३० ते १०:३० असे पडतात. बर्लिन त्याहून तासभर अलीकडे. युरोपसोबत जवळजवळ पूर्ण दिवस जुळतो, म्हणून पहिल्याच परदेशी नोकरीसाठी मी लोकांना युरोप सुचवतो. पहाटे उठणाऱ्यांनी सिडनीकडे बघावं, तिथला कामाचा दिवस त्यांच्या हिवाळ्यात आपल्या पहाटे ४:३० पासून दुपारी १२:३० पर्यंत चालतो. कॅलिफोर्निया मात्र अवघड आहे. हिवाळ्यात त्यांचे सकाळचे ९ म्हणजे आपले रात्रीचे १०:३०, तेव्हा ४ तासांची अट पाळायची तर २:३० पर्यंत जागणं आलं. काही जण वर्षानुवर्षं करतात. पण नुसत्या उत्साहात हो म्हणून सहा महिन्यांनी मीटिंगांना गैरहजर राहणारे मी जास्त पाहिलेत, आणि त्याचा त्रास त्यांच्या मागून येणाऱ्या अर्जदारांनाही होतो. तिथे दोनच तास जमत असतील तर दोनच सांगा.

आता उरलेल्या वेळेचं बघू. बहिणीचा दिवस दुपारी १:३० ला सुरू होतो आणि न्यूयॉर्क जागं व्हायला ६:३० वाजतात. हे पाच तास ती एकटी आहे. माझ्या मते रिमोट कामाची खरी परीक्षा याच पाच तासांत असते, आणि त्याची तयारी दाखवायची तर लिहूनच दाखवावी लागते.

समजा, ऑनलाइन दुकानाच्या चाचणीत तिला दिसलं, की कूपन लावलेली ऑर्डर रद्द केली तर ग्राहकाला सवलतीनंतरची नाही, मूळ पूर्ण रक्कम परत मिळतेय. रात्री काम बंद करताना तिने चॅटवर नुसतं लिहिलं, 'रिफंडमध्ये प्रॉब्लेम वाटतोय, जरा बघाल का?' पलीकडचा माणूस त्याच्या दुपारी विचारतो, 'कोणती ऑर्डर? कोणतं कूपन?' ती झोपलेली असते. ती दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर देते, तो ते संध्याकाळी ६:३० नंतर वाचतो. एका साध्या प्रश्नापायी जवळजवळ अख्खा दिवस गेला.

त्याऐवजी ती आता अशी नोंद ठेवते (मूळ इंग्रजीत, इथे मराठीत देतो): '१००० रुपयांच्या ऑर्डरवर २०० चं कूपन लावलं, ८०० भरले, ऑर्डर रद्द केली, परत आले १०००. टक्केवारीच्या कूपनवरही हेच होतं, कूपन नसेल तर होत नाही. पायऱ्या आणि स्क्रीन रेकॉर्डिंग तिकिटात आहे. माझा प्रश्न: अर्धी ऑर्डर रद्द केली तर सवलत कशी वाटायची? उत्तर नाही मिळालं तर उद्या मी वस्तूंच्या किमतीच्या प्रमाणात वाटली जाते असं धरून चाचण्या लिहीन, नंतर बदलणं सोपं आहे.' शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. समोरच्याला वेळ नसला तरी काम थांबत नाही, आणि तुम्ही काय गृहीत धरलंय ते त्याला माहीत असतं. उलट जो निर्णय नंतर फिरवता येत नाही, उदाहरणार्थ ग्राहकांचा डेटा पुसणं, तिथे असं गृहीत धरून पुढे जायचं नाही. तिथे थांबायचं आणि तोवर दुसरं काम हातात घ्यायचं.

असा नमुना अर्जासोबत जोडायचा, पण सध्याच्या कंपनीची कागदपत्रं बाहेर काढायची नाहीत. मुलाखत घेणारा लगेच विचार करतो, की हा उद्या आमचीही देईल. बहिणीने एक ओपन सोर्स प्रकल्प निवडला, त्यातले काही दोष शोधून नीट नोंदवले आणि त्यांचे दुवे रेझ्युमेत दिले. तिथे अनोळखी लोकांनी विचारलेले प्रश्न आणि तिची उत्तरं सगळ्यांना वाचता येतात. 'उत्तम संवादकौशल्य' या शब्दांपेक्षा मला ते दुवे कितीतरी जास्त सांगतात.

मुलाखतीची वेळ ठरवणारा ईमेलही नमुनाच असतो. 'तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा' असं न लिहिता तिने वार, तारीख आणि दोन्हीकडची वेळ लिहून तीन पर्याय दिले: मंगळवार, न्यूयॉर्क सकाळी ९:३०, भारत संध्याकाळी ७. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी त्यांची संध्याकाळ म्हणजे आपला दुसरा दिवस, तिथे तारीख लिहायला अजिबात विसरू नका. आणि कॅलेंडरवर दर आठवड्याची मीटिंग तुम्ही टाकणार असाल, तर तिचा टाइमझोन `America/New_York` ठेवा. भारतीय वेळेवर टाकलेली मीटिंग नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडे एक तास अलीकडे सरकते.

वीज आणि इंटरनेटबद्दल प्रश्न येतोच. 'बॅकअप आहे' एवढ्यावर थांबू नका, काय आहे आणि किती वेळ चालतं ते सांगा. आधी स्वतः तपासा: घरचा मेन स्विच बंद करा आणि एखाद्या मैत्रिणीशी तासभर व्हिडिओ कॉल करा. लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर नाही हे तेव्हा लक्षात येतं. फायबरची आणखी एक अडचण आहे. अख्ख्या भागाची वीज गेली की स्थानिक केबलवाल्याच्या पेटीतली बॅटरीही कधी तरी संपते, मग घरचा राउटर चालू असूनही नेट बंद. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची फायबर कनेक्शनं घेतली, तरी दोन्ही वायरी एकाच खांबावरून येत असतील तर फांदी पडल्यावर दोन्ही तुटतात. म्हणून दुसरी सोय मोबाइल डेटाची ठेवावी, आणि त्या खोलीत रेंज किती येते ते रात्री ८-९ वाजता, गर्दीच्या वेळी तपासावं. बहिणीने मुलाखतीत सांगितलं, 'राउटर इन्व्हर्टरवर आहे, वीज नसताना चार तास चालतो, त्यानंतर मोबाइल डेटावर कॉल घेते, दोन्ही तपासून पाहिलंय.' पुढचा प्रश्न आलाच नाही.

शेवटी तुम्हीही त्यांना विचारा. टीमची रोजची मीटिंग कधी असते? तातडीच्या कामासाठी रात्री उठावं लागतं का, आणि पाळी कशी लावतात? मागचा महत्त्वाचा निर्णय कुठे झाला, लेखी की कॉलवर, आणि जो कॉलवर नव्हता त्याला तो कसा कळला? जाहिरातीत ४ तास लिहिलेले असतात, पण खरी चर्चा त्यांच्या दुपारी ४ च्या कॉलवर होत असेल, तर आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचा दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेला असतो. त्या कॉलची लेखी नोंद ठेवतात का, आणि मागच्या आठवड्यातली एखादी दाखवता येईल का, हे विचारायला संकोच करू नका.