मुलांच्या बेडरूमचा थ्रीडी व्ह्यू करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे थ्रीडी व्ह्यू पाहून ऑर्डर देणारं गिऱ्हाईक चित्रात दिसेल तेच सुताराकडे मागतं. म्हणून न बनणारी वस्तू चित्रात दाखवणं ही पहिली चूक.

सगळ्यात जास्त दिसते ती खोटी गोलाई. ‘मुलांची खोली आहे, गोल करा’ म्हटलं की नवशिके ब्लेंडरमध्ये प्रत्येक कडेला 8-9 मिमीचा Bevel लावतात आणि फळी साबणाच्या वडीसारखी दिसते. 18 मिमी प्लायवरचा सनमायका असा वळत नाही. तिथे 2 मिमीची पीव्हीसी पट्टी बसते, म्हणून कडेची गोलाईही 2 मिमीच ठेवा, Segments 3 पुरेत. त्याआधी Ctrl+A मधून Scale लावून घ्या, नाहीतर गोलाई एका बाजूला जाड, दुसरीकडे बारीक येते. सुरक्षितपणा दाखवायचा तो टेबलाच्या कोपऱ्यात: वरून पाहताना 50 मिमी त्रिज्येचा कोपरा द्या, पट्टी त्याभोवती सहज फिरते. खरोखर मऊ कडा हव्या असतील तर एमडीएफला राउटर मारून पीयू पेंट करावा लागतो. त्याचा दर दुकानदाराला आधी विचारा, चित्र नंतर.

दुसरी चूक धोक्याची आहे: चित्रातून पंखा गाळणं. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली धरा. पंखा मधोमध, म्हणजे भिंतीपासून पाच फुटांवर. 48 इंची पंख्याचं पातं मधल्यापासून दोन फूट येतं, तेव्हा पात्याचं टोक भिंतीपासून तीन फुटांवर फिरतं. भिंतीलगतचा बंक बेड चौकटीसकट सव्वातीन फूट रुंद. वरची गादी पाच फुटांवर असेल तर तिथे उभं राहून हात वर करणाऱ्या मुलाची बोटं पात्यापर्यंत पोचतात. पंखा काढून टाकला की चित्र मोकळं दिसतं, हा शॉर्टकट मला मुळीच पटत नाही. आधी पंखा बसवा, मगच पलंग. जागा नसेल तर खाली ड्रॉवर असलेला बुटका पलंग सुचवा, सामानाचीही सोय होते.

बंक घेतलाच, तर कठडा गादीच्या वर किमान पाच इंच आणि गजांमधली फट साडेतीन इंचांहून कमी ठेवा. अमेरिकेतल्या नियमांत हीच मापं आहेत. मॉडेल डाउनलोड करून तसंच टाकणारे हे कधीच मोजत नाहीत.

रंगांत एकच सांगणं. ब्लेंडर 4.0 पासून View Transform मुळात AgX असतो आणि उजेडातले रंग तो फिके करतो. शेडकार्डाशी रंग जुळवताना तो Standard करून पाहा. पिवळी भिंत पांढऱ्या कपाटावर पिवळी झाक टाकते. शांत खोलीसाठी एकच भिंत रंगवा, फिकट पिस्ता किंवा आकाशी, आणि खेळकर रंग ड्रॉवरच्या मुठींपुरते ठेवा.

ड्रॉवर एकदा उघडा दाखवा. दाराला अडतो का ते तेव्हाच कळतं.