पूर्ण लिखित भाषण, टाचण की कार्डे? निवडताना या चुका टाळा

व्यासपीठावर हातात काय घेऊन जायचे, हा निर्णय बहुतेक वक्ते आदल्या रात्री आणि केवळ सवयीने घेतात. जो नेहमी लिहून नेतो तो शोकसभेतही लिहून नेतो आणि मित्राच्या षष्ट्यब्दीलाही, तर ज्याला उत्स्फूर्त बोलण्याची ख्याती लाभली आहे तो देणगीदारांची यादीसुद्धा डोक्यात ठेवून उभा राहतो. वास्तविक निवड करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : या प्रसंगी, या वक्त्याचे नेमके काय चुकले तर ते सावरता येणार नाही? नेमका शब्द चुकणे परवडणारे नसेल, तर तेवढा मजकूर पूर्ण लिहिलेला हवा. विषयाचा क्रम विसरण्याची भीती असेल, तर टाचण पुरते. नावे, पदे, सनावळी आणि आकडे सांभाळायचे असतील, तर कार्डांइतके सोयीचे दुसरे काही नाही.

हे एका उदाहरणावर पाहू. समजा, पुण्यातील नदीकाठच्या एका पेठेतल्या वाचनालयाचा वर्धापन समारंभ आहे आणि संस्थेच्या कार्यवाह बाईंकडे आठ मिनिटांचे प्रास्ताविक आले आहे. बाई कार्यकारिणीच्या बैठकीत अर्धा तास सहज बोलतात, पण तीनशे माणसांसमोर ध्वनिक्षेपक हातात आला की त्यांचा घसा कोरडा पडतो. प्रमुख पाहुणे, अध्यक्ष आणि दोन विश्वस्त व्यासपीठावर असतील, सात देणगीदारांचा उल्लेख करायचा आहे, संस्थेचा इतिहास सांगायचा आहे आणि नुकत्याच दिवंगत झालेल्या ग्रंथपालांना आदरांजली वाहायची आहे. बाईंनी फुलस्केप कागदावर सहा पाने भाषण लिहून काढले आहे.

भीती वाटते म्हणून सगळेच लिहून नेणे

ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. भीतीवरचा उपाय म्हणून लिहिलेले भाषण बहुधा अहवालाच्या भाषेत उतरते. बाईंच्या पहिल्याच पानावर असे वाक्य आहे : ‘सदर वाचनालयाच्या इमारतीचे पुरामुळे झालेले नुकसान भरून काढण्याकरिता तत्कालीन कार्यकारी मंडळाने केलेल्या आवाहनास परिसरातील नागरिकांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’ हे वाक्य कागदावर बिनचूक आहे. पण मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ‘दिला’ येईपर्यंत वाचणाऱ्याला मान वर करता येत नाही, आणि मध्येच केली तर परत आल्यावर ओळ सापडत नाही. श्रोत्यांना तोवर बाईंच्या कपाळाखेरीज काही दिसत नाही.

लिखित भाषण आपल्याला मानवणार आहे का, हे घरीच ओळखता येते. मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू करून एक परिच्छेद वाचावा, मग कागद उलटा ठेवून तोच मजकूर घरातल्या कोणाला तरी तोंडी सांगावा आणि दोन्ही लागोपाठ ऐकावे. वाचताना वाक्याच्या मध्यावर दम लागत असेल, प्रत्येक वाक्य त्याच सुरात संपत असेल आणि तोंडी सांगताना मात्र आवाज मोकळा होत असेल, तर त्या भागासाठी टाचणच योग्य समजावे. याच चाचणीत वेळही कळतो. सावकाश, श्रोत्यांना उमजेल अशा गतीने वाचल्यास मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे बाईंचे तेराशे शब्द तेरा मिनिटे घेणार. प्रत्येकाची गती वेगळी असते, म्हणून घड्याळ लावून स्वतःची गती मोजलेली बरी.

याचा अर्थ पूर्ण लिहिणे कमीपणाचे आहे असा नाही. अर्थसंकल्पीय भाषण किंवा राज्यपालांचे अभिभाषण वाचूनच केले जाते, कारण तिथे प्रत्येक शब्द नोंदीसाठी असतो. संस्थेतील वादावर खुलासा करायचा असेल, किंवा शोकसभेत कंठ दाटून येणार हे आधीच ठाऊक असेल, तर कसलेल्या वक्त्यानेही लिहून न्यावे. आमच्याकडे शोकसभेत वाचून दाखवणाऱ्याला कोरडा समजण्याची रीत आहे, ती मला पटत नाही. दाटलेल्या गळ्याने शब्द शोधत उभे राहण्यापेक्षा लिहिलेली चार वाक्ये नीट उच्चारणे दिवंगत व्यक्तीला अधिक शोभते. बाईंनी ग्रंथपालांविषयीची आदरांजली म्हणूनच पूर्ण लिहावी, तशीच सुरुवातीची तीन वाक्येही, कारण घसा कोरडा पडतो तो पहिल्या मिनिटात. मधली पाच मिनिटे मात्र त्यांच्या ओळखीच्या विषयाची आहेत, तिथे लिखित वाक्ये त्यांना मदत करण्याऐवजी अडवतील.

जो भाग वाचायचाच आहे तो वाचण्यासाठी मांडावा. अक्षर मोठे, संगणकावर किमान अठरा पॉइंट असावे, ओळ श्वासाच्या जागी तोडावी, कागदाच्या एकाच बाजूला लिहावे, वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर नेऊ नये आणि खालचा तृतीयांश भाग कोरा सोडावा, म्हणजे मान फार खाली जात नाही. पाने स्टेपल करू नयेत, कारण ती उलटताना ध्वनिक्षेपकात फडफड ऐकू येते. वाचलेले पान बाजूला सरकवत जावे.

अनुभवाच्या भरवशावर नावे डोक्यात ठेवणे

ही चूक अनुभवी वक्त्यांची. विंस्टन चर्चिल २२ एप्रिल १९०४ रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये पाठ केलेले भाषण करत असताना मध्येच सूत्र हरवून बसले आणि भाषण अर्धवट सोडून त्यांना खाली बसावे लागले. त्यानंतर ते तपशीलवार टिपणे हाती घेऊन बोलू लागले. पाठांतराचा धोका असा, की एक दुवा निसटला की पुढचेही निसटते. टाचणावर बोलणाऱ्याला निदान पुढच्या मुद्द्यावर उडी मारता येते.

समारंभात मात्र टाचणही एका ठिकाणी दगा देते, ते म्हणजे नावांच्या बाबतीत. ‘मान्यवरांचा उल्लेख’ एवढीच ओळ टाचणात असली, तर ऐन वेळी एक विश्वस्त राहून जातो किंवा देणगीदाराच्या दिवंगत वडिलांचे नाव चुकीचे उच्चारले जाते, आणि मग आभारप्रदर्शनात दुरुस्ती करण्याची पाळी येते. व्यासपीठावरील व्यक्तींचे पूर्ण नाव, पद आणि उल्लेखाचा क्रम एका वेगळ्या कार्डावर असावा. तो क्रम सूत्रसंचालकाच्या कार्डाशी कार्यक्रमापूर्वी ताडून पाहावा, कारण अनुपस्थित पाहुण्यांचे स्वागत दोन वेगवेगळ्या याद्यांमुळेच होते. अपरिचित आडनाव जसे उच्चारायचे तसेच लिहावे.

उलट बाजूचे एक उदाहरण नेहमी दिले जाते. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापुढे तयार भाषण होते आणि शेवटाकडे त्यांनी ते सोडून स्वप्नाविषयीचा तो प्रसिद्ध भाग उच्चारला. हे ऐकून अनेकांना कागद सोडण्याचा मोह होतो. पण तो भाग त्यांनी त्याआधीच्या सभांतून बोलून घोटलेला होता, हे लक्षात घेतले जात नाही.

कार्डांवर भाषण कोंबणे

कार्ड पोस्टकार्डाएवढे, साधारण दहा बाय पंधरा सेंटिमीटरचे, जाड कागदाचे असावे. बाईंनी आपली सहा पाने बारीक अक्षरात चौदा कार्डांवर उतरवली, तर त्यांना लिखित भाषणाचे सगळे दोष मिळतील आणि वर चौदा वेळा कार्ड बदलावे लागेल. कार्ड हातभर अंतरावरून एका नजरेत कळले नाही, तर ते भरून गेले आहे असे समजावे. पुरासंबंधीचे त्यांचे चौथे कार्ड असे असेल :

४
१२ जुलै १९६१ – पानशेत
तळमजला – चिखल
गच्चीवर वाळवलेली पुस्तके
(एक पुस्तक दाखवणे)

दिनांक आणि गावाचे नाव लिहिले आहे, कारण तिथे चूक चालत नाही. चिखलात किती पुस्तके गेली, ती कोणी धुतली, हे बाई चहाच्या टेबलावर अनेकदा सांगत आल्या आहेत, म्हणून त्यासाठी एकेक शब्द पुरेसा आहे. कार्डाच्या कोपऱ्यात क्रमांक ठळक असावा आणि सर्व कार्डांना भोक पाडून सैलसर दोरा किंवा कडी घालावी, म्हणजे हातातून निसटली तरी क्रम बिघडत नाही.

जागा न पाहता साधन ठरवणे

पोडियम असेल, तर कागद ठेवायला जागा मिळते. नसेल, तर एका हातात ध्वनिक्षेपक आणि दुसऱ्या हातात थरथरणारा मोठा कागद अशी कसरत होते, कारण भीतीचे कंपन लवचिक कागदावर मोठे होऊन दिसते. जाड कार्डावर ते दिसत नाही. वर पंखा असेल तर सुटी पाने उडतात. पडद्यावर चित्रफीत दाखवण्यासाठी दिवे मंद होणार असतील, तर बारीक अक्षर दिसेनासे होते. सत्कारमूर्तीच्या हातात तर शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ एकदमच येतात, तेव्हा भाषणाचा कागद आधी खुर्चीवर ठेवलेल्या पिशवीत नव्हे, तर खिशात असायला हवा. मोबाइलवरून वाचणेही टाळलेले बरे. पडदा मध्येच काळा होतो, बोट लागून मजकूर भलतीकडे सरकतो आणि मागच्या रांगेला वाटते की वक्ता निरोप वाचत आहे.

बाईंच्या सभागृहात पोडियम नाही, हे आदल्या दिवशी जाऊन पाहिल्यावर कळले असे धरू. मग निवड आपोआप स्पष्ट होते. पहिल्या कार्डावर आरंभीची तीन वाक्ये पूर्ण, दुसऱ्यावर मान्यवरांची नावे, तिसरे ते पाचवे कार्ड इतिहासाच्या टाचणाचे, सहाव्यावर देणगीदारांची यादी आणि सातव्यावर आदरांजलीचा पूर्ण मजकूर. हाती सगळी कार्डेच असली, तरी त्यांत तिन्ही पद्धती आपापल्या जागी आल्या आहेत.

या रचनेचा उपयोग प्रत्यक्ष कार्यक्रमात दिसतो. प्रमुख पाहुणे वाहतुकीत अडकून वीस मिनिटे उशिरा येतात आणि सूत्रसंचालक कानाशी येऊन सांगतात, ‘ताई, पाच मिनिटांत आवरा.’ लिखित भाषणातून तीन मिनिटे उभ्याउभ्या वगळणे जवळपास अशक्य असते आणि वगळलेच तर ‘वर सांगितल्याप्रमाणे’ अशी वाक्ये लोंबकळत राहतात. बाईंनी मात्र तिसऱ्या आणि पाचव्या कार्डाच्या कोपऱ्यात तांबड्या शाईची फुली आधीच करून ठेवली आहे. ती दोन कार्डे मागे टाकायची, पानशेतचे ठेवायचे आणि नावांच्या दोन्ही कार्डांना हात लावायचा नाही.