मस्तकरेषा सरळ की उतरती? उतार ठरवताना होणाऱ्या या चुका टाळा

अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून निघून तळहात आडवा कापत जाणारी मस्तकरेषा सरळ असेल, तर माणूस हिशेबी आणि व्यवहारी विचार करतो, आणि ती करंगळीच्या बाजूला मनगटाजवळ असलेल्या चंद्राच्या उंचवट्याकडे उतरत असेल, तर त्याचा कल कल्पनेकडे असतो, असे हस्तसामुद्रिक मानते. हा नियम बहुतेकांना पाठ असतो. चूक होते ती त्याच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे रेषा खरोखर उतरती आहे का, हे ठरवताना.

कोल्हापुरात मार्केट यार्डातील गुळाच्या एका अडतीवर खतावणी लिहिणारा तरुण काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आला होता. मोबाईलवर काढलेले हाताचे छायाचित्र पाहून कोणीतरी त्याला सांगितले होते की, त्याची मस्तकरेषा थेट चंद्रावर उतरते, त्यामुळे आकडेमोड त्याच्या स्वभावात नाही आणि त्याने हे काम सोडावे. त्या छायाचित्रात रेषा खरोखरच उतरती दिसत होती. परंतु हात चौकटीत सुमारे 15 अंश कललेला होता आणि पाहणाऱ्याने उतार मोजला होता तो मोबाईलच्या कडेशी तुलना करून. आठ सेंटीमीटर रुंदीच्या तळहातावर एवढ्या कलाने अगदी आडवी रेषाही दुसऱ्या टोकाला दोन सेंटीमीटरांहून अधिक खाली गेल्यासारखी दिसते. शिवाय त्याने पाणी प्यायला ओंजळ करावी तसा तळवा किंचित वाकवला होता, आणि अशा वेळी करंगळीखालची बाजू वर उचलली जाऊन रेषेचे शेवटचे टोक वळल्याचा भास होतो.

म्हणून मी त्याच्या हाताचा ठसा घेतला. छपाईची काळी शाई रुळाने तळव्यावर अगदी पातळ लावावी, कारण थर जाड झाला की बारीक रेषा शाईने बुजतात. कागदाखाली चौपदरी मऊ कापड ठेवावे. ते नसेल तर तळव्याच्या मधला खोलगट भाग कागदाला टेकत नाही आणि जिथे मस्तकरेषा पाहायची, नेमकी तीच जागा पांढरी राहते. ठसा वाळल्यावर मधल्या बोटाच्या मुळाच्या मध्यापासून मनगटाच्या मध्यापर्यंत एक रेघ आखावी आणि तिला काटकोनात, मस्तकरेषेच्या आरंभातून, दुसरी रेघ आखावी. उतार मोजायचा तो या दुसऱ्या रेघेपासून. हात कागदावर तिरका पडला असला, तरी मोजमाप त्याच्यासोबत फिरत असल्यामुळे चुकत नाही.

त्या तरुणाची मस्तकरेषा अनामिकेच्या खालपर्यंत, म्हणजे सुमारे पाच सेंटीमीटर अंतरात, जेमतेम चार मिलिमीटर खाली आली होती आणि पुढे थोडी झुकून मंगळाच्या वरच्या उंचवट्याजवळ, म्हणजे करंगळीच्या मुळाशी असलेल्या बुधाच्या उंचवट्याखाली, संपत होती. मग चंद्रावर उतरताना दिसलेली रेषा कोणती? अनामिकेखाली मूळ रेषेतून एक बारीक फाटा फुटून खाली गेला होता, आणि छायाचित्र पाहणाऱ्याने त्यालाच रेषेचा शेवट समजले होते. ही दुसरी चूक फार सर्रास घडते. फुटीच्या जागी दोन्ही रेषांची जाडी आणि खोली भिंगातून ताडून पाहावी. मूळ रेषेची खोली जिच्यात पुढे चालू राहते तीच मस्तकरेषा, दुसरी तिची शाखा. अशा हाताचे वाचन ‘मूळ विचार व्यवहारी, त्याला कल्पनेची जोड’ असे करतात, निव्वळ स्वप्नाळू असे नव्हे.

उतार बरोबर मोजला तरी तो हाताच्या ठेवणीपासून वेगळा काढून वाचणे ही मला सर्वांत गंभीर वाटणारी चूक आहे. लांबी आणि रुंदी जवळपास सारखी असलेल्या चौकोनी तळव्यावर सरळ मस्तकरेषा स्वाभाविक मानली जाते, त्यामुळे तेथे उतार दिसला तर त्याला जास्त वजन द्यायचे. लांबट, निमुळत्या हातावर मात्र उतार हाच नेहमीचा असतो, आणि तेथे रेषा सरळ असेल तर थांबून विचार करावा लागतो. त्या तरुणाचा तळवा चौकोनी होता, म्हणजे सरळ रेषा त्या हाताच्या ठेवणीशी जुळणारीच होती.

तळहातावरच्या मुख्य रेषा गर्भावस्थेच्या पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांतच उमटतात आणि त्यांचा विचारशैलीशी असलेला संबंध शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही, हेही मी त्याला स्पष्टपणे सांगितले. परंपरेच्या नियमांनी वाचले तरी त्याच्या हातात आकडेमोडीच्या विरुद्ध जाणारे काही नव्हते, आणि नोकरी सोडण्याचा निर्णय तर कोणत्याच रेषेवरून घेण्यासारखा नव्हता. ठशाचा कागद घडी घालून त्याने खिशात ठेवला आणि तो अडतीवर परत गेला.