पुरवठादाराने साठा भरायचा, तर किमान पातळी कशी काढावी

पुरवठादाराने स्वतः येऊन स्टोअरमधले बोल्ट भरायचे, असा प्रस्ताव दिला होता. तो लागू झाला, तरी माल संपायचा. चूक किमान पातळीत होती. रोजचा खप ४० नग आणि माल पोचायला २ दिवस, म्हणून ८० आणि राखीव १२० धरून २०० ठरवले होते. पण पुरवठादाराचा माणूस साठा बघायला ७ दिवसांनी येतो, हे दिवस हिशेबात नव्हतेच. भेटीच्या दिवशी २१० नग दिसले की तो काही न मागवता परत जाई आणि सहाव्या दिवशी खण रिकामा!

दुरुस्ती अशी: ४० × (७ + २) + १२० = ४८०. कमाल पातळी त्यावर एका आठवड्याचा खप, म्हणजे ७६०. साठा मोजताना वाटेतला मालही धरायचा. नाहीतर तीच मागणी दोनदा जाते.

प्रस्तावात एक अट लेखी हवीच: कमाल पातळीच्या वर टाकलेला माल पुरवठादार स्वखर्चाने परत नेईल. या अटीवर खळखळ होतेच. त्या बदल्यात खरेदीदाराने खपात मोठा बदल होणार असेल तर निदान ९ दिवस आधी कळवायचे.