गाडी चार-सहा महिने उभी करायलात? मग या चुका टाळा

दिवाळी झाली की आमच्या बीडकडची निम्मी गावं ऊसतोडीला रिकामी होतात आणि मोटारसायकली ओसरीत नाहीतर पत्र्याच्या शेडात उभ्या राहतात. गुढीपाडव्याच्या सुमारास माणसं परत आली की माझ्याकडं रांग लागते, आणि दरवर्षी तेच. "भाऊ, जाताना चांगली होती, आता चालूच होईना."

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टाकीत अर्धा-एक लिटर पेट्रोल ठेवून गाडी लावून देणे. पेट्रोल महागाचं, कशाला भरून ठेवायचं, असा हिशोब. मागच्या वर्षी माझ्या सख्ख्या मामानं हेच केलं. जुनी कार्बोरेटरवाली शंभर सीसीची गाडी, टाकी रिझर्वला, कॉक चालूच. सहा महिन्यांनी आला तर गाडी चोक ओढला की चालू व्हायची, चोक सोडला की बंद. ॲक्सिलेटर पिळून धरला तर चालायची, सोडला की गचकन बंद. हे लक्षण दिसलं की आधी पायलट जेटवर संशय घ्यायचा, कारण गाडी आयडलवर त्याच्याच बारीक भोकातून पेट्रोल घेते. मामाचा पोरगा लई घाईचा, त्यानं कुठूनतरी स्टॅबिलायझरची बाटली आणून त्याच जुन्या पेट्रोलात ओतली आणि दिवसभर किक मारत बसला. अरे बाबा, ते औषध पेट्रोल खराब होऊ नये म्हणून असतं, खराब झालेलं नीट करायला नाही!

मी कार्बोरेटरची खालची वाटी खोलली तर तळाला डिंकासारखा पिवळसर चिकट थर आणि पायलट जेटमधून उजेडच दिसेना. टाकीत टॉर्च मारला तर पेट्रोलच्या वर जेवढी जागा रिकामी तेवढ्या पत्र्याला गंज. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं, पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाला बसतात आणि कॉक तर तळालाच असतो. टाकी मोकळी म्हणजे आत हवा जास्त, म्हणजे ओलावाही जास्त. मामाचा जेट साफ झाला पण टाकी धुवायला अख्खा दिवस गेला.

माझी सवय सांगतो. पंपावर जायच्या आधी स्टॅबिलायझर टाकीत ओततो, लिटरमागे किती ते बाटलीवर लिहिलेलं असतंय, अंदाजपंचे नाही. मग वरून ताजं पेट्रोल, म्हणजे आपोआप मिसळतं. टाकी भरायची पण तोंडापर्यंत नाही, आपल्याकडं उन्हाळ्यात पेट्रोल फुगतं. नंतर दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवायची, नाहीतर औषध टाकीतच राहतं आणि कार्बोरेटरमध्ये जुनंच. घरी आलो की कॉक बंद, वाटीचा ड्रेन स्क्रू ढिला करून उरलेलं बाटलीत काढायचं. बीएस सिक्स इंजेक्शनवाल्या गाडीला वाटी नसते, तिथं फिरवलं की झालं.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते. "घरच्याला सांगितलंय, आठवड्याला सेल्फ मारून दोन मिनिटं चालू ठेव म्हणून." सेल्फ मारताना बॅटरीतून जे जातं ते दोन मिनिटांच्या आयडलवर परत येत नाही, उलट इंजिन नीट तापत नाही म्हणून सायलेन्सरात आणि ऑइलात पाणी धरतं. त्यापेक्षा बॅटरी काढून घरात ठेवा. आधी निगेटिव्ह वायर सोडायची, लावताना ती शेवटी. मल्टिमीटरवर साडेबाराच्या वर व्होल्ट दिसले की निवांत, १२.४ च्या खाली आली की चार्ज करायची, महिन्यातून एकदा बघायचं. पण ट्रॅक्टरच्या बॅटरीचा मोठा चार्जर लावू नका राव! चार-पाच एएचच्या बॅटरीला अर्धा अँपिअर पुष्कळ झाला. एकानं ट्रॅक्टरचा लावला होता, सकाळी बॅटरीचं पोट फुगलेलं.

टायरचं थोडक्यात सांगतो. स्टिकरवर लिहिलेली हवा पूर्ण भरा, गाडी डबल स्टँडला लावा, खाली फळी टाका. साईड स्टँडवर महिनोन् महिने उभी केली तर टायर एकाच जागी दबतो. परत आल्यावर आधी हवा बघा, मग बसा, महिनाभरात ती थोडी उतरतेच.

जुनं काळं ऑइल जाण्याआधीच बदला. प्लास्टिकची ताडपत्री नको, आतून घाम धरते, जुनी सुती चादर बरी.

उंदरं शेडात असतातच, म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबा. आणि बोळ्याला एक लांब दोरी बांधून तिचं टोक हँडलला गुंडाळा, मामा तो काढायचाच विसरला होता आणि आम्ही पहिला अर्धा तास नुसता प्लग साफ करत बसलो.