तंबाखू सोडताना या चुका टाळा : एका एसटी वाहकाची गोष्ट

ते वाहक माझ्या सोलापुरातल्या दवाखान्यात आले तेव्हा त्यांनी तंबाखूचा विषयही काढला नव्हता. खालच्या डाव्या सुळ्याला गार पाणी लागले की ठणका उठतो आणि जेवताना शेंगाचटणी ओठाच्या आत एकाच जागी झोंबते, एवढीच त्यांची तक्रार होती. वय अठ्ठेचाळीस, एसटीत बावीस वर्षांची नोकरी आणि बहुतेक ड्युटी सोलापूर–अक्कलकोट गाडीवर. ओळख पटेल असे काही तपशील मी येथे बदलले आहेत, पण त्यांनी केलेल्या चुका जशाच्या तशा सांगतो, कारण तंबाखू सोडू पाहणारे बहुतेक जण त्याच चुकांपाशी अडखळतात.

त्यांचा खालचा ओठ बाहेर वळवला तेव्हा ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत, जेथे ते रोज बार धरत असत नेमक्या तेथेच, सुरकुतलेला पांढरा चट्टा दिसला. कोरड्या गॉजने तो पुसून पाहिला, पण निघाला नाही. अन्नाचा किंवा बुरशीचा थर असता तर निदान काही भाग तरी पुसला गेला असता. त्याच्या लगतची हिरडी खाली सरकून सुळ्याचे मूळ उघडे पडले होते, आणि गार पाण्याचा ठणका तेथूनच येत होता. चट्टा मोजला, तो १२ मिलिमीटर लांब आणि ८ मिलिमीटर रुंद भरला. त्याचा फोटो काढून ठेवला आणि आरसा हातात देऊन त्यांनाही दाखवला. ते बराच वेळ आरशात पाहत राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, हे दुखत तर काहीच न्हाई की."

पहिली चूक या वाक्यात आहे. दुखत नाही म्हणजे धोका नाही, असे समजून अनेक जण वर्षानुवर्षे थांबतात. पुसून न निघणारे पांढरे चट्टे सुरुवातीला सहसा दुखत नाहीत, आणि त्यांतले काही पुढे कर्करोगाकडे वळतात. कोणता वळेल हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. या वाहकांचा चट्टा सपाट होता, त्यात लाल भाग, व्रण किंवा हाताला लागणारा कठीणपणा नव्हता, म्हणून तंबाखू पूर्ण बंद करून काही आठवड्यांनी पुन्हा पाहायचे आणि तोवर तो ओसरला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा, असे आम्ही ठरवले. यांपैकी एखादे लक्षण आधीच दिसले असते, तर मी वाट न पाहता तुकडा तपासायला पाठवला असता. तोंडातला कोणताही व्रण दोन आठवड्यांत भरला नाही तर त्यालाही हाच नियम लागू होतो.

तंबाखू किती आणि केव्हा लागते, हे मी त्यांना सविस्तर विचारले. दिवसाला पंधरा-सोळा बार होत असत, आणि पहिला बार उठल्यावर दहा मिनिटांच्या आत, कारण त्याशिवाय पोट साफ होत नाही अशी त्यांची खात्री होती. बाकीचे बार गाडीच्या वेळापत्रकाला बांधलेले होते. स्टँडवरून गाडी सुटली की तिकिटे काढण्यात हात गुंतलेले असत. कुंभारी मागे पडेपर्यंत तिकिटे संपत, मशीन मांडीवर येई आणि अंगठा आपोआप तळहातावर चुना चोळू लागे. वळसंगला चहा होई आणि चहानंतर पुन्हा एक बार लागे. चुन्यामुळे तंबाखू अल्कधर्मी होते आणि निकोटिन ओठाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. तोच चुना ती त्वचा भाजूनही काढतो. इतकी सवय असलेल्या माणसाला 'मनावर घ्या' एवढेच सांगून घरी पाठवणे मला पटत नाही. रक्तदाब आणि हृदयविकाराची चौकशी करून मी त्यांना ४ मिलिग्रॅमची निकोटिन गोळी, म्हणजे चघळायचा गम, लिहून दिला. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली तंबाखू लागणाऱ्यांना सहसा ही मात्रा दिली जाते, इतरांना २ मिलिग्रॅमची पुरते.

चार दिवसांनी ते वैतागून परत आले. गमने उचकी लागते, छातीत जळजळ होते आणि तलफ मात्र जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना समोर बसवून एक गम चघळून दाखवायला सांगितले आणि सारा उलगडा झाला. ते तो साध्या च्युइंगगमसारखा भराभर चावत होते आणि तंबाखूच्या सवयीने येईल ती लाळ कधी गिळत, कधी थुंकत होते. गिळलेले निकोटिन पोटात जाऊन उचकी आणि जळजळ करते, थुंकलेले वाया जाते, आणि तलफ भागवण्यासाठी ज्या वाटेने ते आत जायला हवे ती वाट, म्हणजे गालाची आतली त्वचा, उपाशीच राहते.

बरोबर पद्धत अशी आहे. गम हळूहळू चावावा आणि तिखट चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की चावणे थांबवून तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावा. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा थोडे चावावे आणि या वेळी जागा बदलावी. असे सुमारे अर्धा तास चालते. जागा बदलण्याची सूचना त्यांच्यासाठी विशेष महत्त्वाची होती, कारण सवयीने गम पुन्हा त्या चट्ट्यावरच जाऊन बसत होता.

दुसरी गोष्ट चहाची होती. गम घेण्यापूर्वी १५ मिनिटे आणि गम तोंडात असताना काहीही खाऊ-पिऊ नये, कारण तोंडातला आम्लपणा वाढला की निकोटिन शोषले जात नाही. आमचे वाहक वळसंगला चहा घेऊन लगेच गम तोंडात टाकत, आणि तो बहुतांशी निष्फळ ठरे. त्यावर आम्ही गाडीचेच वेळापत्रक वापरले. कुंभारीला तिकिटे संपली की गम, वळसंगपर्यंत तो संपवायचा आणि मग चहा. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, आणि शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी एक, असा क्रम लिहून दिला. बहुतेक लोक तलफ अगदी अनावर झाल्यावर एखादा गम घेतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. रोज एकाच वेळी तलफ येत असेल, तर त्याच्या आधीचा गम चुकला आहे असे समजावे. याउलट मळमळ आणि गरगर होऊ लागली, तर मात्रा जास्त होत आहे किंवा चावणे भराभर होत आहे.

सकाळच्या पोटाचा प्रश्न खरा होता. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे ते बंद झाल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकते. उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, थोडे चालणे आणि जेवणात पालेभाज्या व डाळी वाढवणे यांवर त्यांचे भागले. या कारणाने पुन्हा तंबाखूकडे वळणारे पुष्कळ असतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवावे लागते.

यानंतर त्यांनी जे केले ते मला सर्वांत जास्त काळजीचे वाटले. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या खिशात भाजक्या सुपारीची पुडी दिसली. "तंबाखू न्हाई डॉक्टर, नुसती सुपारी हाय," असे त्यांनी निरागसपणे सांगितले. तंबाखूच्या जागी सुपारी धरणे ही आपल्याकडची फार रुळलेली चूक आहे. नुसत्या सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली कर्करोगकारक ठरवले आहे. शिवाय सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा चामड्यासारखी ताठर होत जाते, तिखट सोसवत नाही आणि तोंड उघडणे कमी होते. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर लगेच तपासून घ्यावे. हा ताठरपणा सुपारी सोडल्यावरही सहसा पूर्वस्थितीला येत नाही, त्यामुळे येथे उशीर परवडत नाही. त्यांची तीन बोटे आरामात गेली. सुपारीच्या जागी भाजलेली बडीशेप आणि लवंग आली, आणि पुडी माझ्या टेबलावरच्या डब्यात पडली.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा आली. गाड्या खच्चून भरलेल्या, सुट्या पैशांवरून वादावादी आणि ड्युटी लांबलेली. अशा एका रात्री चालकाने मळलेला बार पुढे केला आणि त्यांनी तो घेतला. दुसऱ्या दिवशी आणखी तीन झाले, कारण 'एक झालाच आहे, म्हणजे सुटलेच' असे त्यांनी मनाशी धरले. एका बाराने महिन्याभराचे काम पुसले जात नाही, पण हा समज धरला की ते हमखास पुसले जाते. सुदैवाने त्यांनी तिसऱ्याच दिवशी फोन केला. आम्ही गम चालू ठेवला, आणि नेमके काय घडले ते दोघांनी मिळून तपासले. थकवा आणि यात्रेची गर्दी ही कारणे होतीच, पण कॅशबॅगेच्या आतल्या कप्प्यात चुन्याची डबी अजून होती, "असू दे म्हणून". ती डबी त्यांनी टाकली आणि चालकाला स्पष्ट सांगितले, "भाऊ, मला इचारूच नगा. इचारलं की हात पुढं जातोय." चालकाने ते पाळले. तलफेची लाट बहुधा पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढ्या वेळात पाणी पिणे किंवा वेबिलाचा हिशेब जुळवणे त्यांना पुरे पडू लागले. रात्री मुक्कामी गाडीवर असताना ते तंबाखूच्या पुडीवर छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावरही एकदा बोलले.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला ते येत नव्हते, कारण झोंबणे थांबले होते आणि बरे वाटत होते. ही शेवटची चूक शांतपणे घडते. लक्षण गेले म्हणजे चट्टा गेला असे होत नाही, आणि चट्टा गेला आहे का हे घरच्या आरशात नीट कळत नाही. मी फोन करून त्यांना बोलावले. चट्टा ५ मिलिमीटरवर आला होता आणि कडा पुसट झाल्या होत्या, म्हणून तुकडा काढणे पुढे ढकलले. तीन महिन्यांनी त्या खोबणीत गुलाबी, मऊ त्वचा दिसली आणि जुन्या फोटोशी ताडून पाहिल्यावर चट्ट्याची जागा शोधावी लागली. सरकलेली हिरडी मात्र परत वर आली नाही. सुळ्याच्या उघड्या मुळावर मी भरण केले, त्यामुळे ठणका थांबला. पुढची तपासणी सहा महिन्यांनी ठेवली आहे, आणि ती तारीख त्यांनी ड्युटीच्या डायरीत माझ्यासमोरच लिहून घेतली.