रविवारची वीस मिनिटं आणि दोन राज्यांच्या सुट्ट्या

रविवारी संध्याकाळी चहा झाला की मी मोबाईलचं कॅलेंडर, कामांची वही आणि भिंतीवरची दिनदर्शिका एकत्र घेऊन बसते. वीस मिनिटं पुरतात.

आधी सरलेला आठवडा उलटा बघायचा. प्रत्येक भेटीपाशी थांबून स्वतःला विचारायचं, इथे मी कुणाला काही कबूल केलं होतं का? "कागद पाठवते" असं बोलता बोलता सुटलेलं वाक्य वहीत कधीच नसतं, ते इथेच सापडतं.

मग पुढचे दोन आठवडे. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडे इथे एक खाच आहे. घरातली मराठी दिनदर्शिका बहुधा महाराष्ट्राच्या सुट्ट्या दाखवते, आणि आपली कामं दोन्हीकडे असतात. 19 फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी महाराष्ट्रात, 1 नोव्हेंबरला राज्योत्सवाची कर्नाटकात. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँका दोन्हीकडे बंद.

2026 मध्ये मी कोल्हापूरच्या सरकारी कचेरीतलं काम 19 फेब्रुवारीच्या गुरुवारी धरलं होतं. आधीच्या रविवारी ते दिसलं. काम बुधवारी घेतलं, बुधवारची बेळगावातली बँक गुरुवारी ढकलली, आणि दोन्हीकडे त्याच बैठकीत फोनवर निरोप ठेवला.

शेवटी वही. प्रत्येक कामाला वार आणि वेळ द्यायची, जाण्यायेण्याचा वेळ धरून. सलग तीन रविवार पुढे ढकललेलं काम बहुतेक वेळा फार मोठं लिहिलेलं असतं. "सातबारा बघणे" खोडून "तलाठ्यांना फोन, मंगळवार 11" असं लिहा.